सिस्टरांना वाढदिवसाचे पत्र

पत्रे अनेक प्रकारची असतात. मामांना लिहावयाचे पत्र निराळे, शाळेच्या मुख्याध्यापकांना लिहावयाचा अर्ज निराळा. परंतु असेही एक पत्र आहे की, जे लिहावयास बसले म्हणजे मोठमोठ्यांची लेखणी अडखळते. घरातील आजारी माणसाची जिने शुश्रूषा केली, त्या परिचारिकेला वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे पत्र ते हेच. ते कसे लिहावे, हे एका उदाहरणावरून पाहू.

श्रावणातील गोष्ट. एका मुलीची आजी ओल्या अंगणात घसरून पडली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढे अठरा दिवस आजी खाटेवर होती. अशा रुग्णाला स्वतःच्या बळावर कुशीवर वळता येत नाही. एकाच अंगावर फार वेळ पडून राहिल्यास पाठ, कंबर आणि टाचा येथील कातडीवर सतत दाब पडतो, तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि जखमा होतात. म्हणून रात्रपाळीच्या सिस्टर ठरावीक वेळाने, बहुधा दर दोन तासांनी, आजीच्या दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवून तिला हलकेच वळवीत असत. त्यांचा वाढदिवस माघात येतो, हे बोलता बोलता आजीला कळले होते. तो दिवस जवळ आला, तेव्हा नातीने पत्र लिहावयास घेतले.

तिचा पहिला मसुदा असा होता :

'सिस्टर, तुम्ही साक्षात देवी आहात. तुमचे उपकार आम्ही सात जन्मांत फेडू शकणार नाही. तुम्हांला काय भेट द्यावी हेच आम्हांला सुचत नाही. काहीच पाठवीत नाही, याबद्दल क्षमा असावी. वाढदिवसाच्या शुभेच्छा.'

या मसुद्यात भाव खोटा नाही; तरीही पत्र बिघडले आहे. ते कोठे बिघडले?

पहिला दोष असा की, हे पत्र कोणत्याही सिस्टरांना पाठविता आले असते. आजी कोण, ती केव्हा तेथे होती, सिस्टरांनी नेमके काय केले, यांपैकी एकही गोष्ट त्यात नाही. परिचारिकेच्या हाताखालून वर्षभरात कितीतरी रुग्ण जातात. कोणाचे पत्र आले हेच जिला उमगत नाही, तिला त्याचा आनंद कसा व्हावा? शिवाय, 'देवी' म्हटले की त्यांचे कौशल्य झाकले जाते. देवीला रात्री जागावे लागत नाही, सिस्टरांना लागते. वेळेवर औषध देणे, ताप आणि नाडी पाहून नोंद करणे, कातडी कोठे लाल तर झाली नाही ना हे तपासणे, या गोष्टी त्या शिकून आणि कष्टाने करीत असतात.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. 'उपकार', 'फेडणे', 'भेट', 'क्षमा' हे शब्द एकत्र आले की पत्राला हिशेबाच्या वहीचे रूप येते. भेट देत आहोत असे लिहिणे जितके अवघड, तितकेच भेट देत नाही असे लिहिणेही अवघड. वाचणाऱ्या सिस्टरांना वाटते, 'अरेरे, मी काही अपेक्षा केली असे यांना वाटले की काय?' मग आपल्याच वाढदिवशी दुसऱ्याचा संकोच दूर करण्याचे काम त्यांच्यावर येऊन पडते. पुष्कळ रुग्णालयांत रुग्णांकडून भेटवस्तू घेण्यावर बंधनेही असतात. म्हणून भेटीविषयी काही लिहूच नये. वडील मंडळींना काही पाठवावयाचे असेल, तर ते त्यांनी स्वतंत्रपणे ठरवावे. पत्र आपल्या पायांवर उभे राहिले पाहिजे.

मुलीने तो कागद बाजूला ठेवला आणि आजीला विचारले, "आजी, सिस्टरांचे तुला सगळ्यांत जास्त काय आठवते?"

आजी शस्त्रक्रियेविषयी बोलली नाही, की औषधांविषयी बोलली नाही. ती म्हणाली, "अगं, रात्री मला वळवण्याआधी त्या हाक मारायच्या. 'आजी, आता डाव्या कुशीवर हं,' असं सांगायच्या. अंधारात कुणी न सांगता हात लावला असता, तर माझा जीव दचकला असता. एकदाही तसं झालं नाही बघ."

पत्राला लागणारी गोष्ट सापडली. आजीच्या आजाराचा उल्लेख करावयाचा होता, म्हणून मुलीने, "हे लिहू ना गं?" असे तिला विचारून घेतले आणि मग लिहिले :

'आदरणीय सिस्टर,

सादर नमस्कार.

उद्या तुमचा वाढदिवस. आम्हां सर्वांच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

श्रावणात खिडकीजवळच्या खाटेवर माझी आजी होती. तिच्या खुब्याचे हाड मोडले होते. रात्री तिला कुशीवर वळवण्याआधी तुम्ही दर वेळी हाक मारून सांगत होता. त्यामुळे अंधारातही तिला भीती वाटली नाही, असे ती अजून सांगते. उभे राहण्याचा सराव करताना तुम्ही तिला म्हणाला होता, "पायांकडे नको, समोर पाहा." आता ती काठी घेऊन तुळशीपर्यंत जाते आणि जाताना समोरच पाहते.

हे वर्ष तुम्हांला सुखाचे जावो.

तुमची,
आजींची नात'

पत्राखाली आजीने थरथरत्या अक्षरांत स्वतः एक ओळ लिहिली : 'सिस्टर, अनेक उत्तम आशीर्वाद.' नात वयाने लहान, म्हणून तिने नमस्कार केला. आजी वयाने मोठी, म्हणून तिने आशीर्वाद दिला. मायन्याचे आणि शेवटाचे हे भान आपल्या भाषेत राखावे लागते.

या पत्रात 'उपकार' हा शब्द नाही, 'आभारी आहोत' असेही कोठे म्हटलेले नाही. तरीही कृतज्ञता प्रत्येक वाक्यात आहे. आजी पूर्वीसारखी धावू लागली, असे खोटेही लिहिलेले नाही. ती काठी घेऊन चालते, हे खरे आहे आणि तेवढेच सिस्टरांना कळावयास हवे होते. रुग्ण घरी गेल्यावर पुढे त्याचे काय झाले, हे परिचारिकेला सहसा समजत नाही. ती बातमी पत्राने पोहोचते.

कधी कधी मात्र ज्यांची शुश्रूषा झाली, ते माणूस आपल्यात उरलेले नसते. तरीही पत्र लिहावे. त्यात दुःखाचे वर्णन करीत बसू नये. तो दिवस सिस्टरांच्या वाढदिवसाचा आहे. 'शेवटच्या दिवसांत आजोबांचे ओठ तुम्ही पुनःपुन्हा ओले करीत होता, ते आम्ही विसरलो नाही,' असे एक खरे वाक्य आणि त्यामागून शुभेच्छा, एवढे पुरे आहे.

राहता राहिला प्रश्न पत्र पोहोचविण्याचा. त्यात रुग्णाच्या आजाराचा उल्लेख असतो, म्हणून ते उघड्या कार्डावर न लिहिता पाकिटात घालावे. परिचारिकांच्या पाळ्या बदलत असतात. तेव्हा पाकिटावर सिस्टरांचे नाव स्पष्ट लिहून ते एक दिवस आधी मुख्य परिचारिकांकडे द्यावे. त्या मुलीनेही तसेच केले आणि उत्तराची वाट न पाहता ती घरी परतली.

स्वाध्याय

१. पहिल्या मसुद्यातील दोन दोष तुमच्या शब्दांत सांगा.
२. 'भेट देत नाही' असे लिहिणेही अवघड का ठरते?
३. तुमच्या घरातील आजारी माणसाची कोणी काळजी घेतली असल्यास, त्या माणसाला काय आठवते ते विचारा आणि दहा ओळींचे पत्र लिहा.