उतारावरच्या पायऱ्या

थ्रीडी प्रिंटरवर बनवलेली वस्तू उजेडात तिरकी धरली, की उभ्या भिंती बऱ्यापैकी गुळगुळीत दिसतात, पण मंद उतारावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या कडा उमटलेल्या असतात. नख फिरवलं तर त्या हातालाही लागतात. प्रिंटर वितळलेलं प्लास्टिक एकावर एक सपाट थर देत वस्तू उभी करतो. त्यामुळे त्याला तिरपी रेष ओढता येत नाही, प्रत्येक थर थोडा मागे सरकवून ती पायऱ्यांनी गाठावी लागते. उतार जितका मंद, तितकी प्रत्येक पायरी रुंद.

दार अडवायची पाचर घ्या: लांबी १२० मिलिमीटर, रुंदी ४०, उतार १० अंशांचा, म्हणजे जाड टोकाची उंची साधारण २१ मिलिमीटर. ती बेडवर आडवी ठेवून ०.२ मिलिमीटरच्या थरांत छापली, तर प्रत्येक पायरी सुमारे १.१ मिलिमीटर रुंद होते आणि डोळ्यांना सहज दिसते. त्याच थरांत ४५ अंशांच्या उतारावर पायरी ०.२ मिलिमीटरचीच राहते, ती नजरेत फारशी भरत नाही.

पहिला उपाय थर पातळ करण्याचा. ०.१ मिलिमीटर केला की पायरीची उंची आणि रुंदी दोन्ही निम्मी होतात. पण थर १०५ चे २१० होतात आणि छपाईचा वेळ जवळपास दुप्पट लागतो. कडा मऊ होतात, नाहीशा होत नाहीत.

दुसरा उपाय स्लायसरमध्ये पाचर कुशीवर वळवण्याचा. आता तिची त्रिकोणी बाजू बेडवर टेकते आणि उताराचा पृष्ठभाग उभी भिंत होतो. नोझल ती तिरपी कड प्रत्येक थरात सलग ओढतं. थर ०.२ चाच ठेवूनही उतारावरच्या पायऱ्या जातात, उरतात त्या फक्त थरांच्या बारीक रेघा. मात्र कुशीच्या वरच्या कडेला मंद गोलाई असेल, तर पायऱ्या तिथे येतात. म्हणून कोणता पृष्ठभाग दिसणार आहे, हे आधी ठरवावं.

घुमटाला हा उपाय पुरत नाही, कारण तो कसाही वळवला तरी त्याचा कुठला ना कुठला भाग बेडशी मंद कोन करतोच. ४० मिलिमीटर त्रिज्येच्या अर्धगोलात ०.२ च्या थराने माथ्यावर सुमारे ८ मिलिमीटर व्यासाची सपाट चकती उमटते. थर चौपट पातळ, म्हणजे ०.०५ केला, तरी ती ४ मिलिमीटरवरच येते. अशा वेळी स्लायसरमधली बदलत्या थर-उंचीची सोय वापरावी: उभ्या भागात जाड थर, माथ्याजवळ पातळ. वेळ वाचतो, पण माथ्यावरची चकती उरतेच. ती पूर्ण घालवायची असेल, तर छपाईनंतर पॉलिश पेपरने घासावंच लागतं.