पुढे वीज आहे

घोषवाक्य हा प्रकार आमच्या मराठीच्या वर्गांत शिकवला जात नाही. अलंकार शिकवतो, वृत्ते शिकवतो. पण चार शब्दांत गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात कसा पाडावा, हे कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. त्यामुळे हमरस्त्यावर विजेच्या मोटारींसाठी चार्जिंगची ठाणी उभारणाऱ्या कंपनीतला माझा एक जुना विद्यार्थी घोषवाक्य मागायला आला, तेव्हा मी आधी त्यालाच प्रश्न केला, "प्रवाशाला भीती नेमकी कशाची?"

"गाडी वाटेत बंद पडण्याची," तो म्हणाला.

हे उत्तर वरवरचे आहे, हे त्याच्याच हिशेबावरून दिसून आले. पुणे ते कोल्हापूर हा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता घ्या. समजा, गाडीच्या बॅटरीत ३० युनिट वीज मावते आणि हमरस्त्याच्या वेगाने एका युनिटात साडेसहा किलोमीटर तोडले जातात. (जाहिरातीतला आकडा याहून मोठा असतो, पण तो चाचणीच्या खोलीतला. रस्त्यावर वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि खंबाटकीचा घाट आपला वेगळा कर घेतो.) म्हणजे भरल्या बॅटरीवर १९५ किलोमीटर. कोल्हापूर काही येत नाही; वाटेत थांबणे आलेच. ही गोष्ट प्रवासी निघतानाच जाणून असतो. तिची भीती त्याला नसते.

साताऱ्यापर्यंत ११० किलोमीटर झाले, १७ युनिट गेली, १३ उरली. पुढचे १२० किलोमीटर आणि गाठीशी तीसेक किलोमीटरची शिल्लक धरली, तर २३ युनिट हवीत. म्हणजे घ्यायची फक्त दहा. तीस किलोवॅटच्या यंत्रावर वीस मिनिटांचे काम; वडा आणि चहा संपेपर्यंत ते होते. शंभर टक्के भरत बसण्याचे कारणच नाही, कारण साधारण ऐंशी टक्क्यांनंतर बॅटरी वीज सावकाश घेते आणि मागे उभा असलेला गृहस्थ उगाच आपल्याकडे रोखून पाहू लागतो.

आता खरी भीती. साताऱ्याचे यंत्र बंद असले तर? पडदा काळा, किंवा पैसे जातात पण वीज येत नाही, किंवा कोणी गाडी लावून जेवायला गेलेला. मोबाइलवर मात्र ते ठाणे हिरवेच. यंत्राचा संपर्क तुटला की जुनीच खूण दिसत राहू शकते. गाठीशी १३ युनिट, म्हणजे ८५ किलोमीटर. कराड पन्नासेक किलोमीटरवर. तिथेही तेच निघाले, तर? केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ सालीच हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरला ठाणे असावे अशी सूचना केली होती. पण प्रवाशाला ठाण्यांच्या संख्येशी कर्तव्य नसते. त्याला पुढचे एक ठाणे चालू आहे की नाही, एवढेच हवे असते.

विद्यार्थ्याच्या वहीत पंधरा घोषवाक्ये होती. पहिले "आता घाबरू नका!" ते मी लगेच खोडले. ज्याला घाबरायचे सुचले नव्हते, त्यालाही ते सुचेल. शिवाय अभयवचन देण्याचे काम ट्रकच्या पाठीवर अक्कलकोटचे स्वामी आधीपासून करीत आहेतच. दुसरे "अमर्याद प्रवास, अखंड विश्वास". यमक बरे, अर्थ नाही. मर्यादा तर आहेच, आत्ताच आपण ती मोजली. तिसऱ्यात "पुढे वीज मिळेल" असे होते. इथे मात्र मी थांबलो.

वाटसरू पूर्वीपासून समोरून येणाऱ्याला विचारीत आला आहे, "पुढे पाणी आहे का हो?" त्याचे उत्तर "मिळेल" असे आले, की तो इथेच भांडे भरून घेतो. "असेल" म्हणजे सांगणाऱ्याने पाहिलेले नाही. "असते" म्हणजे एरवी असते, आजचे कोणी सांगावे? "आहे" म्हटले की तो निघतो. म्हणून मी लिहून दिले : "पुढे वीज आहे." तीन शब्द, ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्याला माणूस, झाड आणि फलक सारखेच पळताना दिसतात, त्याला याहून अधिक वाचवत नाही. खाली पुढच्या ठाण्याचे अंतर आणि त्या घटकेला चालू असलेल्या यंत्रांची संख्या. संख्या शून्य झाली की वरचे वाक्यही विझले पाहिजे, अशी माझी अट.

विद्यार्थ्याचे वरिष्ठ "आहे"वर अडले आहेत. "मिळेल" चालेल का, असा त्यांचा निरोप दोनदा आला. मी नाही म्हणून कळवले. "आहे" ठेवायचे, तर साताऱ्यास एकाऐवजी दोन यंत्रे आणि बिघाड झाल्यास दोन तासांत पोहोचणारा मिस्त्री लागेल, असे त्यांच्या ध्यानात आले आहे. सध्या ते त्याचा खर्च काढीत आहेत.