वर बर्फ, खाली नासलेलं दूध

मे महिन्यात पुण्यातल्या एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये सलग तिसऱ्या दिवशी दूध नासलं, तेव्हा तिने मेकॅनिक बोलावला. त्याने दार उघडून खालच्या कप्प्यात हात घातला. ‘गॅस गेलाय, तीन हजार होतील,’ असं सांगून तो निघून गेला. एवढे पैसे मोजायच्या आधी घरमालकीणबाईंनी आपल्या ओळखीचे म्हातारे मिस्त्री पाठवले.

काकांनी आधी फ्रीझर उघडला. आइस्क्रीमच्या डब्यावर नखाने टकटक केली, तर ते दगडासारखं कडक होतं.

“गॅस गेला असता तर हे असं राहिलं असतं का, ताई?”

“पण काका, खाली तर काहीच गार होत नाही.”

“काहीच नाही? मागे हात घालून बघा.”

तिने मागच्या भिंतीला टेकलेली कोथिंबिरीची पिशवी ओढली, तर ती निघेना. कोथिंबीर गोठून काळी पडली होती आणि पिशवी भिंतीला चिकटली होती. दारातलं दूध नासत होतं आणि वीतभर आत कोथिंबीर गोठत होती. काकांना नेमकं हेच तिला दाखवायचं होतं.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बहुधा गारवा तयार करणारी कॉइल एकच असते, वरच्या फ्रीझरच्या पाठीमागे. एक छोटा पंखा तिच्यावरून हवा फिरवतो. बरीचशी हवा फ्रीझरमध्ये जाते आणि थोडी एका नळीवाटे खाली उतरून मागच्या भिंतीतल्या जाळीतून बाहेर पडते. खालच्या कप्प्याला गारवा मिळतो तो एवढाच. ही जाळी बुजली की वर सगळं ठीक आणि खाली उकाडा, असा प्रकार होतो. शिवाय अनेक मॉडेलांत कॉम्प्रेसर कधी बंद करायचा हे फ्रीझरच्या थंडीवर ठरतं. फ्रीझर पुरेसा गार झाला की कॉम्प्रेसर थांबतो, खाली काय चाललंय याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून काका पाच-दहा मिनिटं नुसते कान देऊन उभे राहिले. कॉम्प्रेसर वेळेवर थांबला. गॅस कमी असता तर तो बहुधा थांबायचं नावच न घेता चालत राहिला असता.

मग सामान बाहेर निघालं. इडलीच्या पिठाचं पातेलं, आडवा दुधीभोपळा, कालच्या भाजीचे डबे, सगळं भिंतीला भिडवून ठेवलेलं. जाळीच्या फटींतही बर्फ धरला होता. तिने सुरी आणली तशी काकांनी ती काढून घेतली. सुरीने प्लॅस्टिक फुटतं, आणि फ्रीझरच्या बाजूला असला प्रयोग केला तर कॉइललाच भोक पडून खरोखरच गॅस जातो. त्यांनी फ्रिजचा प्लग काढला आणि कोमट पाण्यात पिळलेलं फडकं जाळीवर धरलं. बर्फ सुटल्यावर फ्रिज पुन्हा सुरू केला. दार उघडं असलं की पंखा थांबतो, म्हणून त्यांनी दाराचा स्विच बोटाने दाबून धरला आणि वर्तमानपत्राची एक पट्टी जाळीसमोर धरायला तिला सांगितलं. पट्टी फडफडली.

“आता सामान लावा, पण भिंतीपासून दोन बोटं सोडून. आणि रात्री मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवा.”

थर्मामीटर हवेत धरला तर दार उघडताक्षणी आकडा वर चढतो, पेल्यातलं पाणी मात्र कप्प्याचं खरं तापमान सांगतं. सकाळी ते 4 अंश होतं. खालच्या कप्प्यात 5 अंशांच्या वर गेलं की दूध आणि शिजवलेलं अन्न लवकर बिघडू लागतं. ती कालची भाजी मात्र काकांनी आदल्या दिवशीच टाकून द्यायला लावली होती, आणि ते बरोबरच होतं.

काकांनी फक्त भेटीचे पैसे घेतले. जाताना दोन गोष्टी बजावल्या, त्या ज्यांच्या घरी असा फ्रिज आहे त्या सगळ्यांच्या कामाच्या आहेत. फ्रीझरही ढिला पडला असेल, तर ही जाळी दोषी नाही. तेव्हा फ्रिजच्या बाहेरची मागची बाजू भिंतीला चिकटली आहे का, धुळीने भरली आहे का ते बघायचं आणि मग मेकॅनिकला बोलवायचं. जाळी मोकळी असून पट्टी हलत नसेल, तर एकतर पंखा बंद आहे किंवा आतली कॉइल बर्फाने बुजली आहे. सामान दुसरीकडे हलवून फ्रिज दिवसभर बंद आणि दारं उघडी ठेवली, की आतला बर्फ वितळतो. त्यानंतर तो काही दिवस नीट चालून पुन्हा तसाच झाला, तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर गेलेला असण्याची शक्यता मोठी. मेकॅनिकला फोन करताना ‘गॅस भरायचाय’ म्हणू नका. वर गार आहे, खाली नाही आणि जाळीतून हवा येत नाही, एवढंच सांगा.