दोन वर्षांत ठरणारी उंची

शाळेत रांग लावताना बुटकी मुले पुढे उभी राहतात. जळगावच्या आमच्या वर्गातही तसेच. त्यांच्या अम्मी मला विचारतात, "सर, याला आता कोणतं टॉनिक देऊ?" पण उंचीचा मोठा भाग शाळेच्या आधीच घडलेला असतो.

जन्मतः बाळ साधारण 50 सेंटिमीटरचे असते. पहिल्या वर्षी ते सुमारे 25 आणि दुसऱ्या वर्षी 12 सेंटिमीटर वाढते. त्यानंतर वेग आणखी कमी होतो. म्हणूनच गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे हजार दिवस महत्त्वाचे. या काळात शरीराला अन्न कमी पडले किंवा जुलाब पुन्हा पुन्हा झाले, तर ते आधी वाढ थांबवते. नंतर भरपूर खाऊ घातले तर वजन चढते, गेलेली उंची मात्र पूर्ण भरून येणे अवघड.

शेजारच्या घरातील दोन वर्षांची मुलगी 79 सेंटिमीटर भरली. या वयाच्या मुलीची मध्यम उंची 86 च्या आसपास असते आणि 80 च्या खाली खुरटलेपणा मानतात. ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपाइन्स, दक्षिण आफ्रिका आणि आपली दिल्ली येथे मुलांना मोठे होईपर्यंत मोजत गेल्यावर असे दिसले, की दोन वर्षांच्या वयातली ही सात सेंटिमीटरची तूट मोठेपणीही साधारण तेवढीच उरते. मात्र हा सरासरीचा हिशोब आहे. आई-वडिलांच्या उंचीचाही वाटा असतो.

तिची अम्मी म्हणाली, "सहा महिन्यांनंतरही वर्षभर दूध आणि डाळीचं पाणीच दिलं." चूक इथेच झाली. पाण्यात डाळ उतरत नाही. सहा महिने पूर्ण होताच चमच्यावरून न ओघळणारी घट्ट खिचडी, कुस्करलेले अंडे, बारीक खिमा दिवसातून दोन-तीनदा द्यावा. नऊ महिन्यांनंतर तीन-चारदा. सोबत दूध दोन वर्षांपर्यंत. कुरआनातही दोन पूर्ण वर्षांचा उल्लेख आहे. गरोदरपणी अम्मीला लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण हवे.

हे जमते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. 2005 मध्ये राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले, आणि पहिल्या जिल्ह्यांत आपल्या खानदेशातील, पूर्वी धुळ्याचाच भाग असलेला नंदुरबार होता. राज्यातील दोन वर्षांखालील खुरटलेली मुले 2005-06 मध्ये शंभरात 39 होती. 2012 च्या पाहणीत ती 23 वर आली.

अंगणवाडीत बाळाची फक्त वजनाची नोंद बघू नका, लांबीही मोजून घ्या. दोन वर्षांखालील बाळ आडवे झोपवून, गुडघे सरळ ठेवून, दोघांनी मिळून मोजावे. दोनदा मोजावे, कारण हललेले बाळ चुकीचा आकडा देते. आणि दोन-तीन महिन्यांत आकडा जेमतेम हलला, तर तो दिवस थांबण्याचा नाही, डॉक्टरांना दाखवण्याचा आहे.