सेकंड मेट ते मास्टर: सी-टाइमचा हिशेब

व्यापारी जहाजावर ब्रिजची पाळी, म्हणजे वॉच, स्वतंत्रपणे सांभाळण्याचा पहिला परवाना भारतात ‘सेकंड मेट’ या नावाने मिळतो. मात्र तो हाती असलेला अधिकारी जहाजावर सहसा थर्ड ऑफिसर म्हणून चढतो. कागदावरचा दर्जा पदाच्या एक पाऊल पुढे असणे ही या व्यवसायातली रीतच आहे. मास्टरचे प्रमाणपत्र मिळवूनही चीफ ऑफिसर म्हणूनच काम करणारे अनेक असतात. परीक्षा सरकार घेते, पण जहाज कोणाच्या हाती द्यायचे ते कंपनी ठरवते.

या प्रमाणपत्रांचे जागतिक किमान निकष १९७८च्या एसटीसीडब्ल्यू करारात आहेत. १९९५ आणि २०१० साली त्यांत मोठे बदल झाले. भारतात त्यांची अंमलबजावणी नौवहन महासंचालनालय करते. मान्य प्रशिक्षणक्रमातून आलेल्या डेक कॅडेटला करारानुसार किमान बारा महिने समुद्रावर काढावे लागतात आणि त्यांतले सहा महिने अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ब्रिजवर वॉच करावा लागतो. देश याहून कडक अट घालू शकतात.

पुढची शिडी तीन हजार किंवा त्याहून अधिक ग्रॉस टनेजच्या जहाजांची. ग्रॉस टनेज वजन दाखवत नाही. ते जहाजाच्या बंदिस्त जागेचे माप आहे. अशा जहाजावर चीफ मेट होण्यासाठी वॉचकीपिंग अधिकारी म्हणून बारा महिने लागतात आणि मास्टरसाठी छत्तीस. त्यांतले निदान बारा महिने चीफ मेटच्या पदावर गेले असतील, तर छत्तीसचे चोवीस होऊ शकतात.

ही सवलत दिसते तेवढी कामाची नसते. समजा, एका थर्ड ऑफिसरने सहा-सहा महिन्यांची दोन कंत्राटे पूर्ण करून चीफ मेटची परीक्षा दिली. उत्तीर्ण झाल्यावर लगेच चीफ ऑफिसरचे पद मिळाले, तर आणखी बारा महिन्यांनी त्याचे चोवीस भरतील. पण सेकंड ऑफिसर म्हणून अनुभव घेतल्याशिवाय ती जागा सहसा मिळत नाही. त्या पदावर एक वर्ष आणि मग चीफ ऑफिसर म्हणून एक वर्ष धरले, की बेरीज पुन्हा छत्तीसच. शिवाय मोजले जातात ते जहाजावरचे महिने. सहा कंत्राटांच्या मधल्या पाच सुट्या प्रत्येकी तीन महिन्यांच्या धरल्या, तर छत्तीस महिने पुरे व्हायला एक्कावन्न लागतात, आणि परीक्षेसाठी किनाऱ्यावर काढलेला काळ त्याहून वेगळा. सेवेचा पुरावा म्हणजे सीडीसी या पुस्तिकेतल्या साइन-ऑन आणि साइन-ऑफच्या नोंदी आणि कंपनीचे सेवापत्र. तारीख किंवा पद जुळले नाही, तर उमेदवाराचा अर्ज तिथेच अडकतो.

परीक्षेत लेखी आणि तोंडी असे दोन भाग असतात. विषयांची विभागणी तीन कार्यांत केलेली असते: नौकानयन, मालाची चढउतार व रचना, जहाजाचे नियंत्रण व माणसांची सुरक्षा. सेकंड मेटला ताऱ्यांवरून जहाजाचे स्थान काढता यावे लागते. चीफ मेटकडून जहाजाच्या स्थैर्याचे पक्के ज्ञान अपेक्षित असते, कारण माल कुठे किती भरायचा याचा आराखडा तोच करतो. मास्टरच्या पातळीवर कायदा, तारण आणि आणीबाणीतले निर्णय येतात.

भीती असते ती ओरल्सची. टक्कर टाळण्याच्या १९७२च्या नियमांवर परीक्षक प्रसंग उभे करत जातो. उदाहरणार्थ: दाट धुके आहे आणि डावीकडे पुढच्या बाजूला चार मैलांवर एक जहाज फक्त रडारवर दिसते. अंतर घटते आहे, दिशा बदलत नाही. पाठांतरावर भिस्त असलेला उमेदवार सांगतो, “ते डावीकडे आहे, म्हणजे वाट त्याने द्यायची, मी मार्ग आणि वेग कायम ठेवीन.” इथेच तो फसतो. छेद देणाऱ्या जहाजांचा पंधरावा नियम एकमेकांना डोळ्यांनी दिसणाऱ्या जहाजांपुरता आहे. धुक्यात एकोणिसावा लागतो आणि त्यात मार्ग कायम ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही. टक्कर टाळायची कृती दोघांनीही वेळेत करायची असते. मार्ग बदलायचा झाला, तर पुढच्या बाजूच्या जहाजासाठी शक्यतो डावीकडे वळायचे नाही. अपवाद फक्त आपण ज्याला मागे टाकत आहोत त्या जहाजाचा. मग परीक्षक पुढचा धागा ओढतो: समोरून धुक्याचा भोंगा ऐकू आला तर? टक्करीचा धोका नाही अशी खात्री झालेली नसेल, तर जहाजाची दिशा जेमतेम टिकेल इतका वेग कमी करायचा, गरज पडल्यास जहाज थांबवायचे.

मास्टरचे प्रमाणपत्र मिळाल्यावरही मोजदाद चालूच राहते, कारण दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. त्याचा सरळ मार्ग म्हणजे त्या पाच वर्षांत बारा महिन्यांची किंवा लगतच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांची सागरी सेवा दाखवणे. बराच काळ किनाऱ्यावरच्या कचेरीत रमलेल्या कप्तानालाही सीडीसीची पाने पुन्हा तपासावी लागतात.