येष्टी : प्रेम, सवय की नाइलाज?

गेली काही वर्षे मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला विपणन शिकवतो. तिसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ग्राहक आणि ब्रँड यांच्या भावनिक नात्यावर एक प्रकरण आहे. 'ब्रँड समुदाय' आणि 'ब्रँडप्रेम' या त्यातल्या दोन मुख्य संकल्पना. पाठ्यपुस्तकात उदाहरणे असतात ती अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलची आणि अ‍ॅपलच्या संगणकाची. मुले ती निमूटपणे उतरवून घेत आणि परीक्षेत तशीच लिहीत. आपल्या आयुष्याशी त्यांचा काही संबंध आहे, असे त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसले नाही.

एका वर्षी मी पुस्तक मिटवून विचारले, "उद्यापासून कुठली कंपनी बंद झाली, तर तुम्हाला माणूस गेल्यासारखं वाटेल?" फोनची नावे आली, बुलेटचे आले. मागच्या बाकावरून भूमकडची एक मुलगी म्हणाली, "सर, येष्टी चालंल का?" वर्ग हसला. मीही हसून म्हणालो, की एसटी ही सरकारी सेवा आहे, ब्रँड नव्हे. संध्याकाळी घरी जाताना माझे उत्तर चुकले असल्याचे लक्षात आले. हा लेख म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे.

आधी समुदायाबद्दल. अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओ'गिन या दोन अभ्यासकांनी 2001 साली 'ब्रँड समुदाय' ही कल्पना मांडली. साब मोटारगाड्या, फोर्डची ब्रॉन्को आणि मॅकिंटॉश संगणक वापरणाऱ्या कुटुंबांत वावरून त्यांनी ती तपासली होती. त्याआधी ग्राहक आणि वस्तू यांच्यात एक सरळ रेघ कल्पिली जाई. या दोघांनी त्या रेघेचा त्रिकोण केला. ग्राहक, ब्रँड आणि तोच ब्रँड वापरणारा दुसरा ग्राहक. या दोन ग्राहकांमध्ये नाते तयार झाले, तरच समुदाय आहे असे म्हणायचे. त्याच्या तीन खुणा त्यांनी सांगितल्या : आपलेपणाची जाणीव, सामाईक रीतिभाती आणि एकमेकांविषयीची नैतिक जबाबदारी. रस्त्यात समोरून दुसरी साब आली की चालक दिवे लुकलुकवत किंवा हॉर्न वाजवत. ओळख नसताना दिलेला हा रामराम पहिल्या दोन्ही खुणांत बसतो.

आता हे माप आपल्या जिल्ह्यातल्या एसटीला लावून पाहू. तुळजापूर, उमरगा, भूम, परंडा या गावांत आजही रेल्वे नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचे काम चालू आहे, पण तोवर गावातून बाहेर पडायचे तर बहुतेकांना एसटी. पुण्यात कामाला गेलेला उमरग्याचा माणूस गर्दीत 'उमरगा आगार' असे रंगवलेली लाल गाडी पाहतो आणि क्षणभर थांबतो. त्याला त्या गाडीने कुठे जायचे नसते. पण तिच्यात बसलेल्यांपैकी कोणी तरी आपल्याकडचे असणार, हे त्याला ठाऊक असते. आपलेपणाची जाणीव म्हणतात ती हीच. या जाणिवेचे दुसरे अंगही म्युनिझ-ओ'गिन यांनी नोंदले आहे : समुदाय परक्यांच्या विरुद्ध एक होतो. एसटीला गावकरी स्वतः मनसोक्त नावे ठेवतील, पण शहरातल्या पाहुण्याने "तुमचा तो लाल डबा" म्हटले, की तेच लोक तिची बाजू घेऊन भांडतील.

रीतिभाती तर कोणी शिकवाव्या लागत नाहीत. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली, आणि तो रुमाल उचलून बाजूला ठेवणे हा गुन्हा. गावात पहिल्यांदा गाडी आली की नारळ फुटतो, दसऱ्याला झेंडूची माळ चढते. या समुदायाच्या आत आणखी एक लहान वर्तुळ आहे, स्वतःला एसटीप्रेमी म्हणवणाऱ्यांचे. क्रमांकाची सुरुवात एमएच 14 ने झाली तर गाडी साधारणपणे पुण्याच्या दापोडी कार्यशाळेत बांधलेली, एमएच 20 असेल तर चिकलठाण्याची आणि एमएच 40 असेल तर नागपूरजवळच्या हिंगण्याची, हे ती मंडळी लांबून सांगतात. इतरांना जो नुसता क्रमांक, तो त्यांना गाडीचे माहेर सांगतो.

तिसरी खूण मला सर्वांत मोलाची वाटते. तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या पोरासाठी आई पहाटे भाकरी थापते आणि डबा सकाळच्या गाडीत देते. डबा कोणाच्या तरी पायाशी असतो, कोणी तरी तो सांडू देत नाही आणि स्टँडवर पोरगा तो उतरवून घेतो. "कंडक्टरसाहेब, लेकराला तुळजापुरात उतरवा," एवढ्या एका वाक्यावर मूल वीस-पंचवीस किलोमीटर सुखरूप जाते, कारण त्या वाक्याने सारी गाडीच बांधली जाते. महामंडळाच्या कुठल्याही जाहिरातीने हे घडवलेले नाही. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे ब्रीद गाडीवर लिहिणे महामंडळाच्या हाती होते. ते खरे करणारे बरेचसे काम प्रवाशांनी केले.

सामाईक इतिहास हाही रीतिभातींचाच भाग असतो, आणि इथे धाराशिवची गोष्ट विशेष आहे. एसटीचा वाढदिवस 1 जूनला असतो, कारण 1 जून 1948 रोजी पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. आपल्याकडेही स्थानकावर त्या दिवशी रांगोळी निघते, गाडीला हार पडतो. पण त्या दिवशी आपला जिल्हा मुंबई प्रांतात नव्हताच. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा भारतात समावेश व्हायला सप्टेंबर उजाडायचा होता. निजामाच्या रेल्वे आणि रस्ते वाहतूक खात्याने 1932 सालीच बस सुरू केल्या होत्या. त्या परंपरेचा वारसा हैदराबादकडे गेला. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला आणि इथली वाहतूक पुढे महामंडळात विलीन झाली. म्हणजे जो वाढदिवस आपण आपला म्हणून साजरा करतो, तो आपल्या आजोबांच्या आयुष्यात घडलेलाच नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेने सासरचे कुलाचार आपले म्हणावेत, तसा तो आपण घेतला आहे. समुदायाचा इतिहास रक्ताने मिळत नाही, तो सणासारखा पाळून आपला होतो, हे मला याहून चांगल्या उदाहरणाने समजावता आलेले नाही.

समुदाय सिद्ध झाला, पण म्हणून प्रेम सिद्ध होते का? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समुदाय माणसामाणसांत असतो. ब्रँडप्रेम एकट्याचेही असू शकते, जसे एखाद्या आजीचे तिच्या ठरलेल्या चहापुडीवरचे. राजीव बत्रा, आरोन अहुविया आणि रिचर्ड बॅगोझी यांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनाच विचारले, की एखाद्या वस्तूवर प्रेम आहे असे तुम्ही म्हणता तेव्हा नेमके काय म्हणायचे असते. उत्तरांतून प्रेमाचे अनेक घटक निघाले. त्यांतले तीन इथे पुरेत : ती वस्तू 'मी कोण' याचा भाग होणे, नाते दीर्घकाळ टिकेल असे वाटणे आणि ती दुरावण्याच्या कल्पनेने व्याकूळ होणे.

यांतला तिसरा घटक एरवी फक्त प्रश्नावलीत तपासता येतो. आपल्याकडे तो प्रत्यक्ष तपासला गेला. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर, राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी, कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. नोव्हेंबरात गाड्या आगारांत उभ्या राहिल्या. पुढे थोड्या थोड्या धावू लागल्या, तरी संप पूर्ण मिटायला एप्रिल 2022 उजाडला. त्या महिन्यांत माझ्या वर्गातल्या खेड्यांतल्या मुली दिसेनाशा झाल्या. एसटीत त्यांना पास होता, काळीपिवळीत रोजचे रोख पैसे पडत आणि पैशांहून मोठा प्रश्न घरच्यांच्या विश्वासाचा होता. भूमकडच्या त्या मुलीने नंतर मला सांगितले, "जीपवाला वाईट नव्हता, सर. पण बाबा म्हणायचे, येष्टीत काय झालं तर विचारायला जागा हाय."

या वाक्यावर मी बराच विचार केला. व्याकुळता होती हे नक्की, पण ती गाडीसाठी होती की शिक्षण थांबेल म्हणून? विहीर आटली की आपण कासावीस होतो, त्याला विहिरीवरचे प्रेम म्हणत नाहीत. म्हणून केवळ व्याकुळतेवरून प्रेमाचा निष्कर्ष काढता येत नाही. आता मी विद्यार्थ्यांना आणखी दोन गोष्टी पाहायला सांगतो. पर्याय हाती असतानाही माणूस तिकडेच जातो का? आणि ज्याला तिची गरज उरली नाही, तोही नाते ठेवतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एसटीच्या बाजूने पूर्ण लागत नाही. फाट्यावर जीप आधी आली तर बहुतेक जण जीपमध्ये बसतात. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट झाले आणि बायाबापड्यांची गर्दी वाढली. ती गर्दी आधी सवलतीची आहे. उद्या सवलत काढून घेतल्यावरही जे प्रवासी टिकतील, त्यांच्यातच प्रेम शोधावे लागेल. कुठल्याही मक्तेदार सेवेची इथेच फसगत होते. गर्दी पाहून ती स्वतःला लाडकी समजू लागते. उलट, समारंभाला हार घेऊन येणारे एसटीप्रेमी म्हणजेच प्रवासी, असा समजही तितकाच चुकीचा. त्यांच्यातल्या काहींनी महिनोन्महिने तिकीट काढलेले नसते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. पुण्यातल्या त्या उमरगेकराच्या दारात आता स्वतःची गाडी आहे, तरी आगाराचे नाव वाचायला तो थांबतो. त्याला सवलत नको, पास नको. तिथे नाइलाज संपलेला आहे आणि जे उरले आहे त्याला प्रेम हाच शब्द लागतो. पण ते लाल पत्र्यावरचे आहे असे मला वाटत नाही. ज्या माणसांनी त्याचा डबा सांडू दिला नाही, त्यांचे ऋण त्याने त्या गाडीच्या नावे मांडून ठेवले आहे. हार्लेचा मालक आधी मोटारसायकलीवर जीव लावतो आणि मग त्याला सोबती मिळतात, अशी पुस्तकातली क्रमवारी असते. आपल्याकडे सोबती आधी मिळाले आणि त्यांच्यामुळे गाडीवर जीव जडला.

म्हणून मी आता या प्रकरणाची सुरुवात अमेरिकेतून करत नाही. पहिल्या तासाला मुलांना बसस्थानकावर पाठवतो आणि तीन गोष्टी लिहून आणायला सांगतो : कोणी कोणासाठी जागा धरली, कोणी कोणाचे सामान उतरवले आणि कोण आधी आलेल्या जीपमध्ये बसून निघून गेले. तिसऱ्या रकान्यात दरवर्षी बरीच नावे येतात. कित्येकदा त्यांत लिहून आणणाऱ्याचे स्वतःचेही असते.