तिरकी रेषा काय सांगते?

आता पडद्यावर सायक्रोमेट्रिक चार्ट आहे, तो नीट पाहू. आडव्या अक्षावर तापमान, उजवीकडच्या उभ्या अक्षावर किलोभर कोरड्या हवेमागे किती ग्रॅम बाष्प, आणि डावीकडून वर चढणारी वक्ररेषा म्हणजे संपृक्त हवा.

मुंबईतल्या पावसाळ्यातली खोली घेऊ. तापमान २७ अंश, सापेक्ष आर्द्रता ६० टक्के, बाष्प १३.४ ग्रॅम. या बिंदूपासून सरळ डावीकडे गेलो, की वक्ररेषा १८.६ अंशांवर भेटते. हा दवबिंदू. मग हवा १८.६पर्यंत थंड होईल आणि त्यानंतरच पाणी सुटेल, असं वाटतं ना? पण एसीच्या कॉइलमधून हवा बाहेर पडते १३ अंशांवर, ८.९ ग्रॅम बाष्प घेऊन, आणि वाट असते जवळजवळ सरळ, पहिल्यापासूनच खाली उतरणारी.

असं का? कारण चार्टवरचा बिंदू सरासरी हवेचा असतो. पत्र्यांना चिकटून जाणारी हवा लगेच दवबिंदूखाली जाते, मधली अजून उबदारच असते. रेषा पुढे वाढवली की ती वक्ररेषेला ११ अंशांपाशी भेटते; ते कॉइलच्या पृष्ठभागाचं परिणामी तापमान. एकूण उतार २७ ते ११, म्हणजे १६ अंशांचा. त्यातले २ राहिले. म्हणजे जणू एक अष्टमांश हवा कॉइलला न शिवताच निसटली.

आता कॉइलचा पृष्ठभाग १९ अंशांवरच राहिला तर? रेषा आडवी होते. पाण्याच्या नळीतून थेंब पडत नाही. खोली गार होते, पण बाष्प तेवढंच राहून सापेक्ष आर्द्रता वाढते. भिंतीला बुरशी धरते ती इथूनच.